नकार आल्यावर तुमच्या अर्जाचं काय होतं?

जर्मनीतल्या एखाद्या कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला, मुलाखतीच्या एक-दोन फेऱ्या पार पडल्या आणि शेवटी नकाराची मेल आली, की आपल्याकडचे बहुतेक जण ती मेल वाचून बंद करतात. मेलच्या शेवटी बहुधा एक वाक्य असतं: भविष्यात योग्य संधी निर्माण झाल्यास आम्ही आपला जरूर विचार करू. वाचणाऱ्याला वाटतं की आपली फाईल कुठेतरी जपून ठेवलेली असणार. पुण्यात बसून जर्मन कंपन्यांसाठी भरती करणाऱ्या एका टीममध्ये मी काम केलं आहे आणि तिथून दिसणारं चित्र उलटं आहे. तुम्ही स्पष्ट 'ठेवा' म्हटलं नसेल, तर साधारण सहा महिन्यांनी ती फाईल पुसली जाते. मग कंपनीला तुमची आठवण आली तरी तुमचा फोन नंबर तिच्याकडे उरलेला नसतो.

असं का होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण 'टॅलेंट पूल'मध्ये राहण्याची विनंती कधी करायची, कुणाला करायची आणि तिच्यात काय लिहायचं, हे सगळं त्यावरूनच ठरतं. पुण्यातून, नाशिकहून, छत्रपती संभाजीनगरहून जर्मनीत अर्ज करणारे इंजिनिअर पुष्कळ आहेत, म्हणून मी मुद्दाम जर्मनीचंच उदाहरण घेते आहे.

दोन कायदे एकत्र काम करतात. पहिला आहे युरोपचा माहिती-संरक्षण कायदा, ज्याला सगळे जीडीपीआर म्हणतात. तो 25 मे 2018 पासून लागू आहे. त्याचं म्हणणं असं की, ज्या कामासाठी माणसाची माहिती घेतली ते काम संपलं की ती माहिती ठेवायला कंपनीकडे वेगळं कारण असलं पाहिजे. तुम्ही एका विशिष्ट जागेसाठी अर्ज केलात आणि ती जागा भरली गेली, म्हणजे काम संपलं. मग सहा महिने तरी का ठेवतात? तिथे दुसरा कायदा येतो, 2006 मधला समान वागणुकीचा जर्मन कायदा. वंश, लिंग, धर्म, अपंगत्व, वय किंवा लैंगिक ओळख यांमुळे आपल्याला डावललं असं उमेदवाराला वाटलं, तर नकार हाती पडल्यापासून दोन महिन्यांत तो कंपनीकडे लेखी भरपाई मागू शकतो. त्यानंतर कामगार न्यायालयात जायला त्याला आणखी तीन महिने मिळतात. दोन आणि तीन मिळून पाच, शिवाय टपालाला आणि न्यायालयाच्या नोटिशीला लागणारा वेळ. तेवढा काळ कंपनीला स्वतःच्या बचावासाठी कागदपत्रं हाताशी हवी असतात. म्हणून बहुतेक कंपन्यांनी सहा महिन्यांचा हिशेब धरला आहे आणि मुदत भरली की भरतीचं सॉफ्टवेअर आपोआप अर्ज पुसतं.

नकाराच्या मेल इतक्या गुळगुळीत आणि कारण न सांगणाऱ्या का असतात, तेही यावरून कळतं. कारण लिहिलं की ते पुढे पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकतं. त्यामुळे भरती करणारी व्यक्ती कितीही मनमोकळी असली तरी लेखी बोलताना जपून बोलते. आपले उमेदवार नेमके इथेच अडखळतात. नकारानंतर ते एकाच मेलमध्ये विचारतात की मी कुठे कमी पडलो ते सांगा आणि पुढच्या संधीसाठी माझं नाव ठेवा. पहिला प्रश्न आला की मेल कायद्याच्या नजरेतून वाचली जाते, उत्तर लांबतं, कधी येतच नाही आणि दुसरी विनंती त्याच मेलमध्ये अडकून पडते. कारण विचारायचं असेल तर शेवटच्या फोनवर तोंडी विचारावं. नाव ठेवण्याची विनंती मात्र एकटीच जाऊ द्यावी.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एक इंजिनिअर सात वर्षं ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक्सची चाचणी करतो आहे. स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत चाचणी अभियंत्याच्या जागेसाठी तो अर्ज करतो. दोन फेऱ्या होतात. दुसऱ्या फेरीत विभागप्रमुख स्वतः बोलतात, प्रश्न खोलात जातात. जागा मात्र तिथेच राहणाऱ्या आणि जर्मन अधिक चांगलं बोलणाऱ्या उमेदवाराला मिळते. 10 ऑक्टोबर 2024 ला नकाराची मेल येते.

तारखा मांडून बघा. लेखी दाव्याची मुदत 10 डिसेंबर 2024 पर्यंत. दावा अगदी शेवटच्या दिवशी केला असता तर न्यायालयात जायची मुदत 10 मार्च 2025 पर्यंत. सहा महिने धरले तर 10 एप्रिल 2025 च्या आसपास त्याची फाईल पुसली जाणार. आणि समजा, त्याच विभागात मे 2025 मध्ये जवळजवळ तशीच दुसरी जागा निघते. विभागप्रमुखांना आठवतं की पुण्याचा एक मुलगा होता, चांगलं बोलला होता. ते भरती विभागाला विचारतात. भरती विभाग सॉफ्टवेअरमध्ये शोधतो. तिथे नाव नसतं.

आपला इंजिनिअर असं होऊ देत नाही. मेल आल्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तो उत्तर लिहितो. नकाराची मेल ज्या पत्त्यावरून आली तो पत्ता उत्तरं न स्वीकारणारा असतो, तिथे लिहून काही होत नाही. जर्मन जाहिरातींत बहुधा संपर्कासाठी एका माणसाचं नाव दिलेलं असतं आणि मुलाखतीची वेळ ठरवताना त्याच व्यक्तीशी त्याच्या मेल झालेल्या असतात. तिलाच तो लिहितो. इंग्रजीत लिहिलेल्या त्या मेलचा मजकूर मराठीत साधारण असा होईल:

"आपला निर्णय कळला, वेळ दिल्याबद्दल आभार. चाचणी विभागातल्या कामात मला अजूनही रस आहे. आपल्या कंपनीतल्या पुढच्या योग्य जागांसाठी माझा बायोडेटा, प्रमाणपत्रं आणि मुलाखतीच्या नोंदी 12 महिने टॅलेंट पूलमध्ये ठेवायला आणि माझ्याशी ईमेल किंवा फोनवर संपर्क साधायला माझी संमती आहे. ही संमती मी कधीही मागे घेऊ शकतो, याची मला कल्पना आहे. यासाठी आपला वेगळा फॉर्म किंवा लिंक असल्यास कृपया पाठवावी. सध्या माझी नोटीस तीन महिन्यांची आहे. जर्मन भाषा बी-1 पातळीची असून बी-2 ची परीक्षा मी मार्चमध्ये देणार आहे."

या मेलमध्ये आर्जव नाही आणि लांबण नाही. प्रत्येक वाक्याला काम आहे. कोणती माहिती, कशासाठी, किती दिवस, कोणत्या कंपनीत आणि कोणत्या मार्गाने संपर्क, हे तिच्यात आलं आहे. जीडीपीआरला संमती अशीच हवी असते: मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामासाठी, काय होणार ते समजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली. गप्प राहणं म्हणजे होकार असं तिथे धरत नाहीत. आधीपासून टिक केलेला चौकोनही चालत नाही. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये एका निकालात हे पक्कं केलं. शेवटची दोन वाक्यं भरती करणाऱ्या माणसासाठी आहेत, कारण पुढे शोधताना तो नोटीस आणि भाषा हेच बघणार असतो.

फॉर्म किंवा लिंक मागण्याचं वाक्य अनेकांना जादा वाटतं, पण माझ्या मते मेलमधलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच. संमती मिळाली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने कंपनीवर टाकली आहे. कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडलेली मेल हा कच्चा पुरावा ठरतो. शिवाय अर्ज पुसणारं सॉफ्टवेअर ती मेल वाचत नाही. सॉफ्टवेअरला कळते ती त्याच्या आतली खूण, आणि ती खूण उमेदवाराने लिंकवर जाऊन 'मान्य आहे' म्हटलं की पडते. आपल्या इंजिनिअरला सोमवारी, 14 ऑक्टोबरला लिंक येते, तो त्याच दिवशी संमती देतो आणि त्याची नोंद 14 ऑक्टोबर 2025 पर्यंत टिकते. अशी लिंक कित्येकदा स्पॅममध्ये जाते आणि काही दिवसांनी बंद पडते. म्हणून आठवडाभरात काही आलं नाही तर स्पॅम तपासावं आणि एकदा विचारावं.

मुदत किती असावी हे जर्मन कायद्यात आकड्याने लिहिलेलं नाही. बारा महिने आणि चोवीस महिने या मुदती सर्रास दिसतात. फ्रान्समध्ये तिथली माहिती-संरक्षण संस्था शेवटच्या संपर्कापासून दोन वर्षं ही मर्यादा सुचवते. मुदत संपत आली की कंपनी पुन्हा विचारते आणि उत्तर आलं नाही तर पुसते. ही आठवणीची मेल वर्षभराने येते. तोवर आपण तिची वाट बघत नसतो, म्हणून तारीख स्वतःच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवलेली बरी.

आता मेलच्या शेवटच्या गोड वाक्याकडे वळू. ते खरं आहे की उपचाराचं, हे ओळखणं अवघड नाही. कंपनीला तुम्ही खरोखर पूलमध्ये हवे असाल तर ती तुमच्याकडे काहीतरी मागते. मेलमध्ये लिंक असते किंवा उत्तर द्यायला सांगितलेलं असतं, मुदत लिहिलेली असते, माहितीचं काय करणार याची सूचना जोडलेली असते. यातलं काहीच नसेल आणि फक्त 'विचार करू' असेल, तर ते सौजन्याचं वाक्य आहे आणि फाईल ठरल्या दिवशी जाणार. वाक्य लिहिणारी व्यक्ती खोटं बोलत असते असं मी म्हणणार नाही. तो साचा सगळ्यांना जातो, इतकंच.

'टॅलेंट पूल' हे एकच नाव दोन फार वेगळ्या गोष्टींना देतात, तेही ओळखायला शिकलं पाहिजे. एक पूल हाताने निवडलेला असतो. शेवटच्या फेरीपर्यंत आलेल्या, थोडक्यात हुकलेल्या लोकांची नावं भरती करणारी व्यक्ती त्यात घालते आणि प्रत्येकापुढे शेरा लिहिते. दुसरा पूल म्हणजे कंपनीच्या करिअर पानावरची खुली नोंदणी. कुणीही नाव घालावं आणि नव्या जागांच्या मेल मिळवाव्यात. दुसऱ्यात वाईट काही नाही, पण तिथे तुमचं नाव कुणी शोधत नाही, शोधायचं काम तुमच्याकडेच राहतं. मुलाखत झाली असेल तर पहिल्याची विनंती करणं योग्य आहे. बायोडेटाच्याच पायरीवर नकार आला असेल तर ती विनंती सहसा वाया जाते. कंपनीत कुणी तुम्हाला ओळखत नाही आणि शेऱ्यात लिहायला त्यांच्याकडे काही नसतं. अशा वेळी जागांच्या मेल चालू कराव्यात आणि नव्या जागेला नव्याने अर्ज करावा.

संमती देताना पडद्यावर एक निवड येते. तिच्याकडे लोक बघतही नाहीत, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते. मोठ्या जर्मन कंपन्या म्हणजे अनेक कंपन्यांचा समूह असतो आणि कायद्याच्या दृष्टीने त्यातली प्रत्येक कंपनी वेगळी. भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये, विशेषतः अनेक मोठ्या कंपन्या वापरतात त्या सॅपच्या 'सक्सेसफॅक्टर्स'मध्ये, तुमची माहिती कुणाला दिसावी असं विचारलेलं असतं. पर्याय साधारण असे: मी अर्ज केलेल्या जागांचं काम बघणाऱ्यांनाच, माझ्या देशातल्या भरती करणाऱ्यांना किंवा जगभरातल्या सगळ्या भरती करणाऱ्यांना. पहिला पर्याय निवडला तर पूलमध्ये असूनही तुम्ही जवळजवळ अदृश्य राहता, कारण नवी जागा दुसऱ्या माणसाकडे गेली की त्याला तुम्ही दिसत नाही. दुसरा पर्याय पुण्यात राहून जर्मनीसाठी प्रयत्न करणाऱ्याच्या फार उपयोगाचा नाही, त्याचा देश भारत धरला जातो. तिसरा पर्याय उपयोगाचा आहे, पण धोक्याचाही. पुण्यात आणि चाकणला कितीतरी जण जर्मन समूहांच्या भारतीय कंपन्यांत काम करतात. त्यांनी त्याच समूहाच्या मूळ कंपनीत गुपचूप अर्ज केला आणि जगभर दिसायला परवानगी दिली, तर स्वतःच्याच कार्यालयातल्या भरती विभागाला ती नोंद दिसू शकते. नोकरीतल्या कुणाला कळू नये असं वाटत असेल तर आधी विचारावं की ही माहिती समूहातल्या कोणत्या कंपन्यांना दिसते. या प्रश्नाचं उत्तर देणं कंपनीला बंधनकारक आहे. आणि तुम्ही भारतीय नागरिक असून भारतात राहता म्हणून हा हक्क कमी होत नाही. युरोपमधली कंपनी ज्यांची माहिती हाताळते त्या सगळ्यांना हा कायदा लागू होतो.

पुन्हा आपल्या इंजिनिअरकडे. तो पूलमध्ये आहे, पण म्हणजे नक्की काय? तो कोणत्याही रांगेत उभा नाही, त्याला क्रमांक नाही आणि कंपनीने कसलंही वचन दिलेलं नाही. नवी जागा निघते तेव्हा भरती करणारी व्यक्ती शोधखिडकीत काही अटी घालते: कोणतं काम, किती वर्षांचा अनुभव, भाषेची पातळी, पगाराची अपेक्षा, कधी रुजू होता येईल. त्या अटींत बसणारी नावं समोर येतात, बाकीची येत नाहीत. म्हणून नोंद जुनी असणं ही पूलमधली सर्वांत मोठी अडचण आहे आणि ती उमेदवाराला बाहेरून दिसत नाही.

पगाराचंच बघू. युरोपबाहेरच्या इंजिनिअरला जर्मनीत 'ब्लू कार्ड' मिळायला ठरावीक किमान वार्षिक पगार लागतो आणि ही मर्यादा दर जानेवारीत बदलते. ज्या व्यवसायांत माणसांची कमतरता आहे त्यांच्यासाठी मर्यादा कमी असते. इंजिनिअर त्यात येतात. 2024 मध्ये ती 41,041.80 युरो होती, 2025 मध्ये 43,759.80 युरो झाली. आपल्या इंजिनिअरने 2024 च्या अर्जात अपेक्षा 43,000 युरो लिहिली होती. तेव्हा ती मर्यादेच्या वर होती. मे 2025 मध्ये भरती करणारी व्यक्ती तीच नोंद बघते, तेव्हा 43,000 हा आकडा मर्यादेच्या खाली गेलेला असतो. तिला वाटू शकतं की या माणसाचं ब्लू कार्ड होणार नाही आणि ती पुढच्या नावाकडे जाते. माणूस तोच, कौशल्य तेच, एक आकडा शिळा झाला.

भाषेचंही तसंच. मार्चमध्ये तो पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवनात बी-2 ची परीक्षा देऊन उत्तीर्ण होतो. ही गोष्ट आपल्या घरी सगळ्यांना कळते. कंपनीच्या नोंदीत मात्र बी-1 च राहतो आणि बी-2 ची अट घालून केलेल्या शोधात त्याचं नाव येत नाही. ऑक्टोबरमध्ये ज्या कारणाने जागा हुकली होती तेच कारण आता उरलेलं नाही, तरीही. म्हणून तो एप्रिलमध्ये जुन्याच खात्यात जाऊन प्रमाणपत्र चढवतो, पगाराची अपेक्षा सुधारतो आणि त्या भरती करणाऱ्या व्यक्तीला तीन ओळींची मेल लिहितो: बी-2 झालं, अपेक्षा अशी बदलली, बाकी संमती आहे तशीच. माझ्या मते मधल्या काळात एवढा एकच संपर्क पुरतो. दर महिन्याला 'काही संधी आहे का' असं विचारणाऱ्या मेलमध्ये नवी माहिती काहीच नसते आणि समोरच्याला त्यावर करण्यासारखंही काही नसतं.

'जुन्याच खात्यात' हे मुद्दाम लिहिलं. काही जण पासवर्ड विसरतात आणि दुसऱ्या ईमेलने नवं खातं उघडतात. मग एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात. मुलाखतीचे चांगले शेरे आणि संमती जुन्या नोंदीला चिकटलेली असते, नवं प्रमाणपत्र नव्या नोंदीला. नव्या खात्याला पूलची संमतीच नसते. तशीच काळजी ईमेलची. सध्याच्या कंपनीचा ईमेल कधीही देऊ नये. नोकरी बदलली की तो बंद होतो, आणि तो चालू असतानाही त्यातलं सगळं कंपनीला दिसू शकतं.

फोनचा तर वेगळाच प्रकार आहे. +49 ने सुरू होणारा अनोळखी नंबर आला की आपण तो कापतो. फसवणुकीचे फोन इतके येतात की त्यात आपली चूक म्हणता येणार नाही. संमती देताना लिहून ठेवावं की आधी ईमेल करावी आणि मग फोन. वेळही सांगावी. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. तिथल्या सकाळी नऊला आपण पाळीच्या ऐन मध्यावर असतो. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: टॅलेंट पूलमध्ये ठेवायला कोणतीही खरी कंपनी पैसे मागत नाही. नोंदणी शुल्क मागितलं की तिथेच थांबावं.

मे महिन्यात आपल्या इंजिनिअरला मेल येते. नवी जागा आहे, रस आहे का? त्याला आनंद होतो आणि पुढचं वाक्य वाचून तो बुचकळ्यात पडतो: रस असल्यास कृपया या लिंकवर अर्ज करावा. पुन्हा अर्ज? मग पूल कशासाठी? यामागेही नियम आहेत. वीसपेक्षा जास्त मतदार कामगार असलेल्या जर्मन कंपनीत निवडून आलेली कामगार परिषद असेल, तर प्रत्येक भरतीआधी तिला कळवावं लागतं, अर्जदारांची कागदपत्रं दाखवावी लागतात आणि तिची मान्यता घ्यावी लागते. परिषदेने मागणी केली असेल तर जागा आधी कंपनीच्या आत जाहीर करावी लागते. त्यामुळे प्रत्येक जागेची स्वतःची अर्जांची फाईल लागते, पूलमधून माणूस उचलून थेट खुर्चीत बसवता येत नाही. पूलचा फायदा असा की तो अनोळखी म्हणून अर्ज करत नाही. पहिली फेरी बहुधा टळते आणि विभागप्रमुखांचा जुना शेरा समोर असतो. अर्ज करताना त्याने एका ओळीत लिहावं की ऑक्टोबर 2024 मध्ये अमुक जागेसाठी मुलाखत झाली होती आणि आपल्या निमंत्रणावरून अर्ज करतो आहे. नव्या अर्जाची मुदत वेगळी आणि पूलची वेगळी. पुन्हा नकार आला तर नव्या फाईलचे सहा महिने नव्याने मोजले जातात, पूलची नोंद मात्र 14 ऑक्टोबर 2025 लाच संपते.

पुण्यातल्या एजन्सीमार्फत अर्ज केला असेल तर गोष्ट बदलते. एजन्सीकडे नाव राहणं आणि जर्मन कंपनीच्या पूलमध्ये नाव असणं या दोन स्वतंत्र संमती आहेत. एजन्सी म्हणते, 'तुमचं नाव आमच्याकडे आहेच', तेव्हा विचारावं की कंपनीच्या पूलमध्ये आहे का आणि ती संमती मी कुठे दिली. आपल्या देशातल्या नोकऱ्यांत तर नेमकं उलटं घडत आलं आहे. कुणालाही न विचारता बायोडेटा वर्षानुवर्षं हातोहात फिरतो आणि भलत्याच ठिकाणाहून फोन येतात. भारताने 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. त्या कायद्यातही संमती नेमक्या कामापुरती हवी आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं, असं लिहिलं आहे. बायोडेटा देताना 'कोणत्या जागेसाठी आणि किती दिवस' असं विचारायची सवय आपल्याला इथेही लावून घेता येईल.

राहिला प्रश्न बाहेर पडण्याचा. दुसरी नोकरी लागली, घरच्या कारणाने जर्मनीचा बेत सोडला किंवा नुसतं मन बदललं, तरी संमती मागे घेता येते आणि कारण द्यावं लागत नाही. खात्यात तशी सोय असते. नसेल तर एका ओळीची मेल पुरते. त्याआधी आपल्याबद्दल काय काय ठेवलं आहे ते बघायचं असेल तर प्रत मागता येते आणि कंपनीला सर्वसाधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. त्या प्रतीत बायोडेटाबरोबर मुलाखतीच्या नोंदी आणि चाचणीचे गुणही असू शकतात. त्यातलं एखादं, म्हणजे समजा दोन वर्षांपूर्वीच्या ऑनलाइन चाचणीचे गुण, आता ठेवू नयेत असं वाटलं, तर तेवढंच पुसायला सांगून बाकीची नोंद चालू ठेवता येते.